किशोरवयीन खेळाडूसाठी दूध, दही आणि पावडर: प्रथिनांचा हिशेब कसा मांडायचा आणि किडनीची काळजी कुठे करायची

खेळणाऱ्या मुलाच्या घरात प्रथिनांवरून दोन टोकांचे सल्ले येतात. एक म्हणतो, दिवसाला दोन स्कूप पावडर घेतल्याशिवाय अंग भरत नाही. दुसरा म्हणतो, पावडरीने किडनी जाते. पहिल्या सल्ल्यात वजन-मापाचा पत्ता नसतो. दुसऱ्यात कोणाची किडनी, किती पावडर आणि कशाने जाते, याचा पत्ता नसतो. खाली एका मुलाचा हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडला आहे. तुमच्या मुलाचे किंवा मुलीचे वजन त्यात घातले की तो तुमचा होईल.

मुलगा १५ वर्षांचा, वजन ५४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर. फुटबॉल खेळतो, आठवड्यातून पाच दिवस दीड तास सराव, त्यातले दोन दिवस थोडा ताकदीचा व्यायाम. शाकाहारी, अंडेही नाही. तब्येत ठणठणीत.

आधी लक्ष्याचा आकडा

न खेळणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८५ ते ०.९ ग्रॅम प्रथिने पुरतात. आपल्या मुलासाठी ते होतात ४६ ते ४९ ग्रॅम. खेळाडूंसाठी क्रीडावैद्यक संस्थांनी २०१६ मध्ये संयुक्तपणे दिलेली पट्टी किलोला १.२ ते २ ग्रॅम अशी आहे, पण तिच्यामागचा अभ्यास बहुतांशी प्रौढांवरचा आहे. मुलांसाठी त्या पट्टीचा खालचा अर्धा भाग धरावा, म्हणजे १.२ ते १.६. सरावाचा भार मध्यम असेल तर १.२ ते १.३ पुरे. ताकदीचा व्यायाम सुरू असेल, उंची झपाट्याने वाढत असेल किंवा जेवण पूर्ण शाकाहारी असेल, तर १.५ धरा. आपल्या मुलाला तिन्ही लागू आहेत, म्हणून ५४ गुणिले १.५, म्हणजे ८१ ग्रॅम. ७५ झाले तरी बिघडत नाही, ८६ झाले तरी नाही. हा आकडा हरभऱ्याच्या दाण्याइतका काटेकोर नाही, पण ८१ आणि १२० यांत मात्र फरक आहे.

वजन बरेच जास्त असलेल्या मुलासाठी काट्यावरचे वजन न घेता उंचीला साजेसे वजन घ्यावे. चरबीला प्रथिने लागत नाहीत.

“वाढीचे वय आहे, जास्त लागणारच” असे सर्रास म्हटले जाते. त्याचे गणित करून पाहा. समजा हा मुलगा वर्षात ५ किलो स्नायू आणि इतर मांसल भाग कमावणार आहे, म्हणजे वाढीचा चांगलाच वेग. अशा भागात सुमारे पाचवा हिस्सा प्रथिने असतात आणि बाकी बहुतेक पाणी. म्हणजे वर्षाला एक किलो प्रथिने. त्याला ३६५ ने भागले की दिवसाला पावणेतीन ग्रॅम. खाल्लेल्यातले सगळे शरीरात बसत नाही, म्हणून दुप्पट धरले तरी साडेपाच-सहा ग्रॅम. वाढीची खरी मागणी एवढीच, पाऊण पेला दुधाइतकी. बाकीची गरज रोजच्या झिजेची आणि सरावाची आहे, आणि ती वरच्या १.५ मध्ये आलेलीच आहे.

मग ताटात आधीच काय आहे ते

तीन दिवसांची नोंद ठेवा: दोन सरावाचे, एक सुट्टीचा. या पायरीवर सर्वांत मोठी चूक होते ती कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची. तक्त्यातले आकडे बहुधा कोरड्या धान्याचे असतात. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात ७ ग्रॅम प्रथिने असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात अडीच-तीन. कोरड्या डाळीत १०० ग्रॅमला २२ ते २४ ग्रॅम असतात, पण पातळ वरणाच्या वाटीत त्यातली किती डाळ आली यावर सगळे अवलंबून आहे. म्हणून घरात दिवसभरात एकूण किती डाळ आणि धान्य शिजवले ते कोरडे मोजा आणि मुलाच्या वाट्याचा अंदाज घ्या. हा मार्ग ताटातल्या प्रत्येक वाटीच्या मागे लागण्यापेक्षा सोपा आणि बराच खरा निघतो.

आपल्या मुलाचा सरासरी दिवस असा निघाला: धान्य ३०० ग्रॅम कोरडे, त्यातून सुमारे ३० ग्रॅम प्रथिने. डाळी आणि कडधान्ये ५० ग्रॅम, त्यातून १२. शेंगदाणे ३० ग्रॅम, त्यातून ७. भाज्या, फळे आणि किरकोळ मिळून ४. बेरीज ५३. दूध एक पेला, २५० मिलिलिटर, म्हणजे ८. दही १५० ग्रॅम, म्हणजे ५. एकूण ६६.

म्हणजे काहीही न बदलता हा मुलगा किलोला १.२ च्या थोडा वर आहे. लक्ष्याला १५ ग्रॅम कमी पडतात. या १५ ग्रॅमसाठी घरात पावडरीच्या डब्याची चर्चा सुरू होते, आणि प्रशिक्षकाने किंवा मित्राने सांगितलेले दोन स्कूप म्हणजे सुमारे ४८ ग्रॅम प्रथिने. तुटवड्याच्या तिप्पट.

पंधरा ग्रॅम दूध-दह्यातून

गाईच्या दुधात १०० मिलिलिटरला सव्वातीन ग्रॅम प्रथिने असतात, म्हशीच्या दुधात थोडी जास्त, चारच्या आसपास. साय काढल्याने प्रथिने कमी होत नाहीत, कमी होते ती चरबी. पाणी घातल्याने मात्र कमी होतात. “मलई काढलेले दूध म्हणजे पाणचट” ही समजूत प्रथिनांच्या बाबतीत चूक आहे. उलट बारीक अंगाच्या, जेवण कमी पडणाऱ्या मुलाला सायीसकट दूध द्यावे, कारण त्याला कॅलरीही हव्या असतात.

दुधातल्या प्रथिनांत पाचांतले चार भाग केसीन आणि एक भाग व्हे असतो. केसीन पोटात घट्ट होऊन हळूहळू उतरते, व्हे लवकर. खेळाडूच्या रोजच्या आहारात या फरकाला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते लायसिनला. धान्यात हे अमिनो आम्ल कमी असते आणि दुधात भरपूर. म्हणून धान्याच्या जेवणासोबत घेतलेले वाटीभर दही त्या जेवणातल्या प्रथिनांचा उपयोग वाढवते. शाकाहारी मुलाला दही रात्रीपेक्षा दुपारच्या जेवणात द्यायचे की नाही, असले वाद सोडून द्यावेत. ज्या जेवणात डाळ नाही त्या जेवणात दही द्यावे, एवढे पुरे.

दह्याबाबत आणखी दोन गोष्टी घरोघरी चुकतात. एक, ताक दह्याच्या हिशेबात धरले जाते. एक भाग दह्यात तीन भाग पाणी घालून केलेल्या ताकाच्या २५० मिलिलिटरच्या पेल्यात साठेक ग्रॅम दही असते, म्हणजे दोन ग्रॅम प्रथिने. तहान भागवायला ताक उत्तम आहे, पण प्रथिनांच्या वहीत त्याची नोंद दोन ग्रॅमची. दुसरी गोष्ट चक्क्याची. अर्धा किलो दही फडक्यात बांधून चार तास टांगले की सुमारे २०० ग्रॅम चक्का उरतो. गाळून जाणाऱ्या पाण्यात थोडीच प्रथिने जातात, म्हणून १०० ग्रॅम चक्क्यात ७ ग्रॅमच्या आसपास येतात, साध्या दह्याच्या दुप्पट. किती पाणी गेले त्यावर हा आकडा बदलतो, म्हणून टांगण्याआधी आणि नंतर एकदा तोलून पाहा.

आपल्या मुलाच्या १५ ग्रॅमसाठी सर्वांत सोपा उपाय असा. सरावानंतर आणखी एक पेला दूध, त्यात २५ ग्रॅम स्निग्धांशरहित दूध पावडर. दुधातून ८, पावडरीतून ९, मिळून १७. ६६ अधिक १७, म्हणजे ८३. झाले. दूध पावडर घेताना डब्यावर १०० ग्रॅमला ३४ ते ३६ ग्रॅम प्रथिने लिहिली आहेत का ते बघा. चहा-कॉफीसाठी विकल्या जाणाऱ्या डेअरी व्हाइटनरमध्ये साखर मिसळलेली असते आणि प्रथिने २० च्या आसपास भरतात. डबे शेजारी-शेजारी असतात, दिसतातही सारखे. पावडर थेट दुधात टाकली की गुठळ्या होतात. आधी थोड्या कोमट पाण्यात घट्टसर खळ करून घ्यावी आणि मग उरलेले दूध ओतावे.

हा उपाय कुठे फसतो? पोटात. एका पेला दुधात १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असते आणि २५ ग्रॅम दूध पावडरीत आणखी १३. ज्याला लॅक्टोज पूर्ण पचत नाही त्याला एरवी एक पेला दूध चालते, पण हा पेला प्यायल्यावर तास-दोन तासांत गॅस, गुडगुड आणि कधी जुलाब होतात. मग घरचे म्हणतात, “प्रथिने मानवत नाहीत.” न मानवलेली असते ती साखर. अशा मुलाला १७ ग्रॅम दुसऱ्या वाटेने द्यावेत: २०० ग्रॅम चक्का, म्हणजे १४ ग्रॅम, आणि मूठभर जास्तीचे शेंगदाणे. दह्यात विरजणाने काही लॅक्टोज आधीच संपवलेले असते आणि टांगल्यावर पाण्याबरोबर आणखी निघून जाते.

वेळेचा बाऊ करू नये. सरावानंतर दीड-दोन तासांत किलोला ०.३ ग्रॅम, म्हणजे आपल्या मुलाला १६ ग्रॅम, एवढे मिळाले की त्या सत्राचे काम झाले. तासाभरात जेवण होणार असेल तर वेगळे काही नकोच. दिवसाची विभागणी मात्र पाहावी. बहुतेक मुलांच्या नोंदीत सकाळी पाच ग्रॅम आणि रात्री पस्तीस, असे चित्र दिसते. संध्याकाळच्या दुधापेक्षा सकाळचे दूध हरवलेले असते, कारण शाळेची घाई. ते आधी परत आणा.

वरची मर्यादाही हवी. दूध, दही आणि पावडरीचे दूध मिळून दिवसाला एक लिटरच्या आसपास थांबावे. आपला मुलगा साधारण ९०० मिलिलिटरवर आहे. त्यापुढे दोन गोष्टी बिघडतात. दुधाने पोट भरून डाळ, भाजी आणि धान्य कमी होते. आणि दुधातले कॅल्शियम व केसीन जेवणातल्या लोहाचे शोषण कमी करतात. पाळी सुरू झालेल्या, लांब पल्ला धावणाऱ्या मुलीत हे लवकर जाणवते: धावण्याचा वेग मंदावतो, जिना चढताना दम लागतो, चेहरा फिका दिसतो. तिला जेवणाच्या दीड-दोन तास आधी किंवा नंतर दूध द्यावे आणि लोहाच्या जेवणासोबत लिंबू. हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासल्याशिवाय “प्रथिने कमी पडतात” असा निष्कर्ष काढू नये.

याच ठिकाणी एक महत्त्वाचे सांगायला हवे. ज्या मुलाचे वजन घटते आहे, जखमा लवकर भरत नाहीत, सकाळी उठवत नाही, किंवा मुलीची पाळी तीन महिने आलेली नाही, त्याला बहुतेक वेळा प्रथिने नव्हे तर एकूण जेवण कमी पडत असते. शरीराला इंधन कमी पडले की ते प्रथिने जाळते. अशा मुलाला १०० ग्रॅम प्रथिने दिली तरी त्यातली बरीच भट्टीत जातात. त्याच्या ताटात आधी धान्य आणि तेल-तूप वाढवा. पाळी थांबलेली असेल तर डॉक्टरांकडे न्या, पावडरीच्या दुकानात नव्हे.

व्हे पावडर कधी, आणि डबा कसा वाचायचा

व्हे पावडर हे औषध नाही आणि विषही नाही. दुधाच्या पाण्यातली प्रथिने गाळून वाळवली की ती तयार होते. सकाळी सहाला सराव आणि तिथून थेट शाळा, दूध साठवायची सोय नाही, दूध पचत नाही आणि दह्याचा कंटाळा आलेला, अशा वेळी ती सोयीची असते. त्यापलीकडे ती १६ ग्रॅम दुधाच्या प्रथिनांहून वेगळे काही करत नाही.

घ्यायचीच असेल तर आधी एक भागाकार करा. एका स्कूपमधली प्रथिने भागिले स्कूपचे वजन. २४ भागिले ३० म्हणजे ८० टक्के, ही चांगली व्हे कॉन्सन्ट्रेट. आयसोलेट ९० च्या आसपास असते आणि तिच्यात लॅक्टोज जवळजवळ नसते. भागाकार ६० च्या खाली आला तर उरलेल्या भागात साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन आहे का ते घटकांत शोधा. ‘मास गेनर’ नावाच्या डब्यात हा भागाकार १५ ते २५ वर येतो, म्हणजे ती मुख्यतः साखरेची आणि स्टार्चची पावडर आहे.

मग घटकांची यादी. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणतात. या पद्धतीचा फायदा घेऊन स्वस्त ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन मिसळले की कागदावर प्रथिने वाढलेली दिसतात. यादीत ही नावे सुटी दिसली आणि अमिनो आम्लांच्या तक्त्यात २५ ग्रॅम प्रथिनांमागे ल्युसिन अडीच ग्रॅमच्या बरेच खाली असेल, तर डबा परत ठेवा. स्पर्धा खेळणाऱ्या मुलासाठी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ अशी तिसऱ्या पक्षाची तपासणी असलेलाच डबा घ्यावा. उत्तेजक चाचणीत सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूवर असते. “पावडरीत होते, मला माहीत नव्हते” म्हटल्याने चाचणीचा निकाल पुसला जात नाही.

स्कूप हे माप आकारमानाचे असते, वजनाचे नव्हे. डबा हलवल्यावर तळाशी बसलेली पावडर त्याच स्कूपमध्ये पाच-सहा ग्रॅम जास्त बसते. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहा आणि स्कूपवर पेनने खूण करा. आपल्या मुलाला पुरेशी मात्रा २० ग्रॅम पावडर, म्हणजे १६ ग्रॅम प्रथिने, आणि तीसुद्धा दूध पावडरीच्या पेल्याऐवजी. उकळत्या दुधात व्हे टाकू नये. तिची प्रथिने उष्णतेने आकसून रबरासारख्या गुठळ्या होतात. पोषण जात नाही, पण कोणी पीत नाही.

दोन स्कूप घेतले तर किडनीत काय होते

आता समजा मुलाने कोणाचेही न ऐकता जुन्या ६६ ग्रॅमवर दोन स्कूप चढवले. एकूण ११४ ग्रॅम, किलोला २.१. लक्ष्यापेक्षा ३३ ग्रॅम जास्त. जास्तीच्या प्रथिनांचा स्नायू होत नाही. त्यातला नायट्रोजन वेगळा केला जातो आणि उरलेला सांगाडा जळतो किंवा साठतो. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन असतो. ३३ ग्रॅममध्ये सव्वापाच ग्रॅम. यकृत त्याचा युरिया करते, सुमारे ११ ग्रॅम, आणि तो बाहेर टाकण्याचे काम किडनीचे. एवढ्यासाठी साधारण पेलाभर जास्त पाणी लघवीवाटे जाते.

जास्त प्रथिने खाल्ली की निरोगी किडनी गाळण्याचा वेग थोडा वाढवते. १९८२ मध्ये ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी अशी मांडणी केली की हा वाढीव दाब वर्षानुवर्षे राहिला तर गाळण्या झिजत जातात. आजार झालेल्या किडनीत ही भीती खरी आहे. निरोगी प्रौढांत मात्र तसे दिसले नाही. २०१८ मध्ये डेव्हरीज आणि सहकाऱ्यांनी २८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जास्त प्रथिने घेणाऱ्यांची किडनी नेहमीइतकी घेणाऱ्यांपेक्षा जास्त खालावलेली आढळली नाही. किशोरवयीन मुलांवर असे लांब पल्ल्याचे अभ्यास फार थोडे आहेत. म्हणूनच १.६ च्या वर न जाणे शहाणपणाचे. तिथे धोका सिद्ध झाला आहे म्हणून नव्हे, तर फायदाच नाही म्हणून.

खेळणाऱ्या मुलाच्या किडनीला खरा मार बसतो तो वेगळ्या वाटांनी. उन्हात दोन सामने, पाणी अपुरे, आणि दुखऱ्या गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. कोरडे पडलेले शरीर किडनीचा रक्तपुरवठा टिकवायला ज्या रसायनांवर अवलंबून असते, तीच ही औषधे अडवतात. दुसरी वाट, बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर एकाच सत्रात अतोनात व्यायाम. स्नायू फुटतात, त्यातले मायोग्लोबिन हे प्रथिन किडनीत जाते आणि लघवी चहाच्या काळ्या पाण्यासारखी होते. सोबत स्नायू कडक आणि ठणकणारे असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिसरी, लेबलवर न लिहिलेले स्टेरॉइड असलेल्या भेसळीच्या पावडरी. या तीनही वाटांसमोर दोन पेले दूध हा विषयच नाही.

कोणी आधी विचारावे

काही मुलांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी किडनीच्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. जन्मतः एकच किडनी किंवा एक काढलेली, लहानपणी नेफ्रॉटिक सिंड्रोम झालेला, लघवी उलटी वर चढण्याचा दोष किंवा वारंवार लघवीचा संसर्ग, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, घरात पॉलिसिस्टिक किडनी. १३ वर्षांपुढे १२० बाय ८० च्या खाली रक्तदाब ठीक, वारंवार १३० बाय ८० किंवा वर येत असेल तर तपास हवा. यातल्या मुलाला डॉक्टरांनी प्रथिने वाढवू नका म्हटले तर ते ऐकावे, पण घरच्या घरी कमीही करू नयेत. वाढत्या वयात आधीच आजारी किडनी असताना उपाशी ठेवणे हे दुसरे नुकसान आहे.

डोळ्यांभोवती किंवा घोट्यावर सूज, दोन-तीन दिवस सलग टिकणारा लघवीचा फेस, लाल किंवा तपकिरी लघवी, ही लक्षणे असतील तर आहाराचा प्रश्न नाही. तपासणी करावी. जोरात पडणाऱ्या धारेने उठलेला आणि मिनिटभरात विरणारा फेस मात्र फारसा अर्थपूर्ण नसतो.

अहवाल हाती आला आणि घाबरगुंडी उडाली, तर

हा प्रसंग नेहमी घडतो, म्हणून सविस्तर. आपल्या मुलाने सरावाच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिले. क्रिएटिनिन ०.९ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, युरिया वरच्या सीमेला टेकलेला, लघवीत प्रथिने “एक प्लस”. तिन्हींचा अर्थ वेगवेगळा आहे.

युरिया आधी सोडवू. तो प्रथिने जास्त खाल्ल्यावर आणि पाणी कमी प्यायल्यावर वाढतोच. एकट्या युरियावरून किडनीबद्दल काही ठरत नाही.

क्रिएटिनिन हे स्नायूंचे टाकाऊ द्रव्य. ज्याचे स्नायू जास्त त्याचे क्रिएटिनिन जास्त. ताकदीसाठी क्रिएटिनची पूरक पावडर घेणाऱ्याचे आणखी थोडे जास्त, किडनी ठीक असतानाही. त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, सूत्रावर अवलंबून असतो. मुलांसाठी वापरले जाणारे श्वार्ट्झचे खाटेशेजारी करता येईल असे सोपे सूत्र असे:

ईजीएफआर = ०.४१३ × उंची (सेंमी) ÷ क्रिएटिनिन

०.४१३ × १६८ ÷ ०.९ = ७७. नव्वद या नेहमीच्या सीमेच्या खाली. पालकांची झोप उडते. पण त्याच रक्तावर प्रयोगशाळेने प्रौढांचे २०२१ चे सीकेडी-ईपीआय सूत्र चालवले असेल तर आकडा सुमारे १२९ येतो. एकच रक्त, दोन सूत्रे, ७७ आणि १२९. प्रौढांचे सूत्र १८ वर्षांखाली वापरायचेच नसते, या वयात ते आकडा फुगवते. श्वार्ट्झचे सूत्र आजारी किडनीच्या मुलांवर बेतलेले असल्याने निरोगी, पिळदार मुलात आकडा कमी दाखवते. वय आणि लिंग धरणारे नवे यू-२५ सूत्र लावले तर सुमारे ८३ येतो. म्हणून अहवालावर कोणते सूत्र आहे ते आधी विचारा, आणि शंका राहिली तर रक्तातले सिस्टॅटिन-सी हे प्रथिन तपासा. ते स्नायूंवर जवळजवळ अवलंबून नसते. सिस्टॅटिन-सी वरून काढलेला वेग नव्वदीच्या वर आला तर क्रिएटिनिनचा आकडा बहुधा स्नायूंचा होता. तोही कमी आला तर प्रश्न खरा आहे आणि तो किडनीच्या डॉक्टरांचा आहे.

उरले लघवीतले “एक प्लस”. जोराच्या व्यायामानंतर थोडी प्रथिने लघवीत येतात आणि एक-दोन दिवसांत थांबतात. काही किशोरांत दिवसभर उभे-चालते राहिल्यानेही ती येतात आणि रात्री झोपल्यावर थांबतात, हा निरुपद्रवी प्रकार आहे. ही दोन्ही कारणे वगळायची रीत एकच: ४८ तास सराव बंद, पाणी नेहमीसारखे, क्रिएटिन घेत असेल तर दोन-तीन आठवडे आधीच थांबवलेले, वेदनाशामक नाही, पावडर नेहमीइतकीच. झोपण्याआधी लघवी करून यावी आणि सकाळी उठल्या उठल्या, खोलीत फेऱ्या न मारता, पहिली लघवी बाटलीत घ्यावी. त्यात अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासायला सांगावे. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली आले तर पहिला “एक प्लस” सरावाचा किंवा उभे-चालते राहण्याचा होता. वर आले तर महिन्याभरात पुन्हा तशीच तपासणी, आणि दुसऱ्यांदाही वर आले तर डबा कपाटात आणि मुलगा किडनीच्या डॉक्टरांकडे. जाताना तीन दिवसांच्या आहाराची वही, डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो आणि घेतलेल्या वेदनाशामकांची नावे सोबत न्यावीत.